करंजी तेलात का फुटते: दिवाळी 2025 च्या कामाच्या नोंदी

5 ऑक्टोबर, रविवार

यंदा लक्ष्मीपूजन 21 ला आहे, म्हणजे 18 च्या शनिवारी करंज्या करून मोकळं व्हायचं असं घरात ठरलंय. आमच्याकडे वाटणी अशी की आई सारण करते, बायको लाटते आणि भरते, आणि तळण माझ्याकडे. त्यामुळे करंजी फुटली की सगळे माझ्याकडे बघतात, तेल जास्त तापवलंस म्हणून. खरं तर निम्म्या वेळा तेलाचा काही संबंधच नसतो, तेल फक्त आधीची चूक उघडी पाडतं. म्हणून यंदा आधी थोड्या थोड्या प्रमाणात करून बघायचं आणि लिहून ठेवायचं की कुठे फुटली, कधी फुटली आणि का.

प्रमाण एकच ठेवलंय, नाहीतर काहीच कळणार नाही. मैदा 250 ग्रॅम, बारीक रवा 50 ग्रॅम, चिमूटभर मीठ, 40 ग्रॅम तूप कडकडीत तापवून त्याचं मोहन. मोहन पिठाला सगळीकडे चोळल्यावर मुठीत दाबलं तर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर सुटला पाहिजे. दूध साधारण 130 मिली लागलं, पण ते एकदम नाही ओतायचं, थोडं थोडं घालत पीठ घट्टच ठेवायचं. मग पाऊण तास झाकून ठेवलं, रवा फुगायला तेवढा वेळ लागतोच, आणि नंतर पुन्हा चांगलं मळून घेतलं. साधारण 15 ग्रॅमची लाटी, 10 सेंटीमीटरची पुरी, आत एक चमचा सारण.

मोहन वाढवलं की करंजी खुसखुशीत होते हे खरं, पण मर्यादा आहे. याच पिठात 70 ग्रॅम तूप घालून छोटा गोळा मळून बघितला, पुरी लाटताना कडेला चिरा पडल्या आणि दुमडल्यावर पाठीवर भेग गेली. तुपाने पिठाला चिकटपणा येऊ दिला नाही की कड एकमेकांना धरणार कशी? तेव्हा 40 वर कायम.

8 ऑक्टोबर, बुधवार

आज फक्त सारण. आईचं सारण म्हणजे सुकं खोबरं किसून मंद गॅसवर भाजलेलं, खसखस, तुपावर भाजलेला दोन चमचे रवा, पिठीसाखर, वेलची. यातलं एकही साहित्य फोडणारं नाही, फोडतो तो ओलावा. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते, म्हणजे सारणात एक थेंब पाणी राहिलं तरी बंद करंजीत त्याला मावायला जागा नाही, मग ती सगळ्यात कमजोर ठिकाण शोधते, आणि ते बहुतेक वेळा कडच असते.

खोबरं गरम असताना त्यात पिठीसाखर घालून एक वाटी मुद्दाम बाजूला ठेवली. अर्ध्या तासात सारण चमच्याला चिकटायला लागलं, मुठीत दाबलं तर लाडूसारखा गोळा होत होता. दुसरी वाटी खोबरं पूर्ण गार झाल्यावर साखर घालून केली, ती कोरडी, बोटांतून भुरभुर सुटणारी. आई म्हणाली, "अरे, मी कायम पाटावर पसरून गार करते ते काय उगाच? तुला आत्ता कळतंय." असो. रवा घालण्यामागचं कारणही हेच, उरलासुरला ओलावा तो पिऊन घेतो. चव वगैरे नंतर.

11 ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस कडेचा. एकाच घाण्यात चार प्रकारच्या करंज्या सोडायच्या ठरवल्या म्हणजे तेल, गॅस, वेळ सगळं सारखं आणि फरक फक्त भरण्यात. ओळखायला कातणाने कडेवर खुणा केल्या, एक खाच, दोन खाचा अशा.

पहिली नेहमीसारखी, नीट. दुसरीत कडेवर थोडं खोबऱ्याचं सारण मुद्दाम राहू दिलं आणि वरून दाबून बंद केली. तिसरीत कडेला दूध भरपूर लावलं, बोट अक्षरशः ओलं करून. चौथीत सारण कमी भरलं आणि आतली हवा न काढता बंद केली, वरून गुबगुबीत दिसत होती, छानच दिसत होती म्हणा ना.

तेल 155 ला. थर्मामीटरची सुई तेलाच्या मध्यावर, कढईच्या तळाला टेकू द्यायची नाही, नाहीतर तो 20 अंश जास्त दाखवतो. चारही सोडल्या, लगेच 140 वर आलं, मग गॅस जरा वाढवला.

तिसरी, म्हणजे जास्त दुधाची, सगळ्यात आधी गेली. मिनिटभरातच कड एका बाजूने सरकली, दोन पापुद्रे एकमेकांवरून घसरल्यासारखे बाजूला झाले. जास्त पाण्याने मैद्याची कडेला पातळ खळ होते, ती घसरडी असते, आणि वरून ते पाणीही तेलात उकळतंच. हाताला नुसतं ओलसर लागेल एवढंच बोट फिरवायचं, तेही पुरीच्या अर्ध्याच कडेला. दोन्हीकडे लावायची गरज नाही, कोरडी बाजू ओल्या बाजूवर बसली की छान धरते.

दुसरी बघण्यासारखी होती. फुटली असं नाही म्हणता येणार. करंजी सगळीकडून बारीक बुडबुडे सोडत होती पण कडेवर एका जागी बुडबुड्यांची सरळ रेघ निघत होती, टाचणीने टोचल्यासारखी, आणि बाकीचे बुडबुडे कमी झाले तरी ती रेघ थांबत नव्हती. तीन-साडेतीन मिनिटांनी तिथून साखर बाहेर आली, तेलात पांढरट ढग, मग तळाला जाऊन बसली आणि काळी पडायला लागली. बाहेर काढून गार झाल्यावर कड उलगडली तर खोबऱ्याचा एक कीस दोन पापुद्र्यांच्या मधे आडवा पडलेला, त्याच्या आजूबाजूचं पीठ चिकटलेलंच नव्हतं, कच्चं-पांढरं आणि तुपकट. एवढ्या एका किसाने बोगदा केला होता. म्हणजे बोटाने कड पुसून घेणं हे सजावटीचं काम नाही.

चौथी एकदम फुगून तरंगली, पोट वर करून, उलटायला जावं तर पुन्हा फिरून त्याच बाजूवर. त्यामुळे एक बाजू बदामी आणि दुसरी पांढरीच. शेवटी पाठीवर फोड आला आणि फोडाच्या शेजारी केसाएवढी चीर. कडेने धरलं होतं म्हणून हवा पोटातून निघाली. हवा काढायची असेल तर सारणाच्या बाजूने, म्हणजे घडीकडून कडेकडे, बोटांनी हलकं दाबत यायचं आणि मग शेवटी कड दाबायची. उलट केलं, आधी कड दाबली, तर हवा आतच कोंडते.

पहिली व्यवस्थित. म्हणजे एकाच तेलात, एकाच गॅसवर चौघींचं नशीब वेगळं, आता बोला.

तर फुटण्याची जागा बघून कारण बरंचसं कळतं. कडेच्या मधेच, एका बिंदूतून गळती असेल तर मधे काहीतरी अडकलंय. कड लांबवर सरकली असेल तर ओलं जास्त किंवा कड वाळलेली. पाठीवर फोड किंवा चीर असेल तर हवा, किंवा तिथे पुरी पातळ लाटली गेलीय. आणि कोपऱ्याला, जिथे अर्धचंद्राची दोन टोकं येतात, तिथे उघडली तर बहुतेक वेळा सारण जास्त भरलंय आणि टोकापर्यंत दाबायलाच जागा राहिली नाही.

12 ऑक्टोबर, रविवार

कोपऱ्याचं काम आज बायकोने बघितलं कारण भरणं तिच्याकडे. पुरीच्या कडेला साधारण एक सेंटीमीटर मोकळी जागा ठेवून सारण मधोमध, लांबट, घडीच्या बाजूला सरकवून. घडी घातल्यावर आधी मधे दाबायचं, मग उजव्या टोकाकडे, मग डाव्या. टोकाला चिमटीने एकदा जास्त दाबायचं. कातण फिरवताना सारणाच्या फुगवट्याला खेटून फिरवलं तर कड अगदीच बारीक उरते, अर्धा सेंटीमीटर तरी राहिली पाहिजे. कातणाने नागमोडी कड येते हे ठीक, पण ते फक्त कापतं, चिकटवायचं काम आधी बोटांनीच झालेलं असायला हवं.

मुरड घालून पण केल्या. मुरडीच्या करंज्या फुटण्याचं प्रमाण नक्कीच कमी, कारण कड दुमडून दुमडून दुप्पट-तिप्पट होते, एका ठिकाणी चुकली तरी पुढचा पापुद्रा सांभाळतो. पण तोटा असा की ती जाड कड आत शिजायला जास्त वेळ घेते. पोट बदामी झालं म्हणून काढलं तर मुरड दाताला चिवट लागते. मुरडीची करंजी तळताना तेल 145 च्या आसपास आणि दीड-दोन मिनिटं जास्त, हे वेगळं लक्षात ठेवायचं, कातणाच्या आणि मुरडीच्या एकाच घाण्यात टाकायच्या नाहीत.

साच्याचं म्हणाल तर साच्यात करंज्या झटपट होतात, पण साचा मिटताना सारण कडेत ढकलतो. साच्यात भरायचं तर सारण चमच्यापेक्षा थोडं कमीच, आणि साच्यातून काढल्यावर कड एकदा चिमटीने फिरून दाबायची. आई साच्याला हात लावत नाही, तिचा तो तात्त्विक विरोध आहे.

13 ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसहून आल्यावर एवढंच. काल भरलेल्या चार करंज्या उघड्या ताटात पंख्याखाली ठेवल्या होत्या आणि चार ओल्या पण घट्ट पिळलेल्या पंचाखाली, दोन्ही साधारण तासभर, आणि मग तळल्या. पंख्याखालच्यांच्या कडा कागदासारख्या कडक झाल्या होत्या, नखाने उचलल्या तर सुटत होत्या, तेलात त्यातल्या दोन उकलल्या. पंचाखालच्या चारही ठीक. पण त्यातल्या एकीला खालून मऊ ठिपका पडला होता, साखर कणकेतलं पाणी ओढते आणि तळाशी पारी ओलसर होते. म्हणजे झाकलं तरी तासभर ठेवणं काही खरं नाही. भरल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत तेलात गेली पाहिजे आणि ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने तळायच्या. आधीची ताटं खाली राहिली आणि वरची पहिल्यांदा तळली असं घरोघरी होतं.

14 ऑक्टोबर, मंगळवार

तेलाचा दिवस. एकसारख्या भरलेल्या करंज्या, तीन वेगवेगळ्या तापमानांना.

180 ला टाकल्या तेव्हा दोन मिनिटांत रंग आला. दिसायला सुंदर, पण पाठीवर बारीक बारीक फोड, आणि एकीची चांगली दाबलेली कड पण उघडली. वरचा थर लगेच कडक होतो, आत वाफ मात्र एकदम तयार होते, तिला हळूहळू निघायला वाट नसते. आणि फुटल्या नाहीत त्यांचंही काही खरं नाही, पारी आतून कच्ची राहिली, त्या दुसऱ्या दिवशी मऊ पडणार हे हाताला जाणवत होतं.

120 ला टाकल्या तर वेगळीच गंमत. बुडबुडे जवळजवळ नाहीत, करंजी तळाला बसून राहिली. पारी कडक व्हायच्या आधीच मोहनाचं तूप पातळ होऊन तेलात उतरलं आणि करंजी पाठीवर भुसभुशीत होऊन एका ठिकाणी विरली. कड पण सैल झाली. बाहेर काढल्यावर कागदावर तेलाचं तळं. म्हणजे तेल थंड असलं की फुटत नाही हा समज चुकीचा, फुटते, फक्त आवाज न करता.

150 ते 155 ला सोडल्या की बुडबुडे बारीक पण सगळीकडून, करंजी काही सेकंदांत वर येते. पाच करंज्यांचा घाणा, तेल 140 पर्यंत उतरतं, गॅस मध्यम, मिनिटभराने पुन्हा 145 ते 150 झालं की गॅस कमी. माझ्या कढईत, 700 मिली तेलात पाच हे जास्तीत जास्त, सात टाकल्या तर तेल 130 च्याही खाली जातं आणि मग वरची 120 ची गोष्ट सुरू. पहिलं मिनिट झारा लावायचाच नाही, कड तेव्हा अजून ओली असते, तिथे झाऱ्याचा धक्का बसला की संपलं. वरच्या बाजूला झाऱ्याने तेल उडवत राहायचं, दोन मिनिटांनी अलगद उलटायची. एकूण सहा ते सात मिनिटं. थांबायचं कधी हे रंगापेक्षा बुडबुड्यांवरून जास्त नीट कळतं, पारीतलं पाणी संपत आलं की ते एकदम कमी होतात आणि तेल शांत दिसायला लागतं. रंग हलका बदामी असतानाच काढायची, बाहेर आल्यावर अजून एक छटा गडद होते.

थर्मामीटर नसेल तर कणकेचा हरभऱ्याएवढा गोळा टाकायचा. तो तळाला जाऊन पाच-सहा सेकंदांत सावकाश वर आला, आजूबाजूला बारीक बुडबुडे, तर बरोबर. टाकल्याटाकल्या वर उसळला आणि लगेच रंग धरला तर तेल जास्त. तळालाच बसून राहिला तर कमी. ही परीक्षा प्रत्येक दोन-तीन घाण्यांनी पुन्हा करायची, कारण कढई तापत जाते आणि गॅस तोच असला तरी तेल हळूहळू चढतं, पाचव्या घाण्यालाच फोड का आले याचं उत्तर बहुधा एवढंच असतं.

16 ऑक्टोबर, गुरुवार

बडोद्याच्या आत्याचा फोन. तिच्याकडे घुघरे, आत भाजलेला रवा, सुकामेवा, आणि तूप बऱ्यापैकी. तिला विचारलं की आत्या, तुमचे फुटत नाहीत का, तर म्हणाली, "अरे, आमच्यात रवा आहे ना, तो सगळं पिऊन घेतो, आणि कडेला आम्ही हातानेच मुरड घालतो. मावा घातला तर मात्र तो चांगला भाजून गार केलेला लागतो, नाहीतर तेलात तमाशा." पटलं. माव्यात पाणी असतंच, तूप सुटेपर्यंत परतला नाही तर त्याची वाफ होणारच.

ओल्या नारळाच्या करंजीचंही विचारलं, ती गणपतीत करते. नारळ-गूळ कढईची कड सोडेपर्यंत आटवायचा, ताटात पसरून पूर्ण गार करायचा, आणि भरल्याबरोबर तळायच्या, ताटात वाट बघत ठेवायच्या नाहीत. कितीही आटवलं तरी ओलावा राहतोच, म्हणून त्या करंज्या दोन दिवसांत संपवायच्या, डब्यात दिवाळीभर ठेवायच्या नाहीत.

18 ऑक्टोबर, शनिवार

मुख्य काम आज. पीठ सकाळी नऊला मळलं, साडेदहाला पहिला घाणा. बायको भरते, आई लाटते, मी तळतो, एका वेळी ताटात दहाच करंज्या जमू द्यायच्या असं ठरवलेलं, त्यापेक्षा जास्त झाल्या की लाटणं थांबवायचं. आईला हे थांबणं अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या घाण्यात एका करंजीच्या टोकाजवळून ती बुडबुड्यांची रेघ दिसली. पूर्वी मी अशीला झाऱ्याने दाबून ठेवायचो, त्याने काही होत नाही, उलट साखर लवकर बाहेर येते. आज दिसल्याबरोबर ती झाऱ्यावर घेतली, टोक वर येईल अशी तिरकी धरून तेल निथळू दिलं आणि ताटलीत काढली. गार झाल्यावर टोकाला घट्ट मैद्याची लेई लावली, सुकू दिली, आणि शेवटच्या घाण्यात एकटीच मंद आचेवर तळली. टोक जाडजूड झालं, पण साखर बाहेर नाही आली. मुख्य म्हणजे तेल वाचलं. एका करंजीतली साखर तेलात गेली की ती तळाला जळते, पुढच्या सगळ्या करंज्यांवर काळे कण चिकटतात आणि तेल कडवट होतं. फुटलेली करंजी खाता येते, पण जळक्या साखरेचं तेल घेऊन पुढे तळलेल्या वीस करंज्या कुणी खाणार नाही. असं झालंच तर गॅस बंद, तेल जरा निवलं की गाळून घ्यायचं, कढई पुसून कोरडी करायची आणि मग पुढे. कढईत पाण्याचा थेंब राहिला तर तेल उडतं, ते वेगळं सांगायला नको.

चौथ्या घाण्याच्या आधी गोळा टाकून बघितला तर एकदम वर उसळला, थर्मामीटर 168. गॅस बंद करून दोन मिनिटं थांबलो, 152 ला पुन्हा सुरू. या थांबण्यात वेळ जातो आणि मागे ताट वाट बघतं, त्यामुळे आता सुरुवातीपासूनच लहान बर्नरवर तळणार, त्यावर तेल जास्त स्थिर राहतं.

काढलेल्या करंज्या चाळणीत कागदावर उभ्या, कड वर, एकमेकींना टेकवून. आडव्या रचल्या तर खालच्या पाठीला तेल साचतं. पूर्ण गार होईपर्यंत डबा नाही, गरम भरल्या की आतल्या वाफेने डब्यात मऊ पडतात, आणि मग तळणाराचं नाव निघतं.

19 ऑक्टोबर, रविवार

आज सकाळी एक मोडून बघितली, कड कुरकुरीत, मधल्या पारीचा थर सुटा, सारण कोरडं. लेई लावलेली शेजारच्या पोराला दिली, त्याने टोक आधी खाल्लं. मुरडीच्या आठ केल्या होत्या त्यातल्या दोन कडेला किंचित चिवट आहेत, पुढच्या वेळी त्यांना 145 लाच अजून मिनिटभर द्यावं लागेल. उरलेलं तेल गाळून बाटलीत भरलंय, रंग अजून सोनेरीच आहे, उद्या-परवा शंकरपाळ्यांना चालेल.